भिंत आधी, बोल्ट नंतर

मंगळवार, ८ एप्रिल २०२५

आज वाकडला चौथ्या मजल्यावर आवाजाची तक्रार बघायला गेलो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे, दोन उन्हाळे वापरलेला. बसवला दुसऱ्याच कुणीतरी, माझ्याकडे आला फक्त आवाज. काकूंनी तक्रार इतकी नेमकी सांगितली की अर्धं निदान तिथेच झालं. "दादा, पहिला तासभर काही नसतं. खोली गार झाली की भिंत घरघरायला लागते. उशीला कान लावला की जास्तच."

सुरुवातीला इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर जोरात फिरतो आणि खोली गार झाली की हळू होतो. पंखा किंवा कॉम्प्रेसर बिघडला असता तर जोरात फिरताना आवाज वाढला असता. इथे तो हळू फिरताना वाढतो. म्हणजे यंत्र बरं आहे, ते ज्यावर बसलंय तिथे काहीतरी सैल आहे.

खिडकीतून वाकून आउटडोअरचा स्टँड पाहिला. तीन गोष्टी लगेच दिसल्या. स्टँडचे दोन्ही हात पुढे किंचित झुकलेले. वरच्या बोल्टांच्या वॉशरभोवती पांढऱ्या भुकटीचं कडं, आणि तिचा एक ओघळ खाली रंगावर उतरलेला. तिसरी गोष्ट हाताने कळली. कॉम्प्रेसरच्या बाजूच्या वरच्या बोल्टचा वॉशर मी चिमटीत धरला तर तो फिरला. पाना लागला नाही. नट घट्ट असता तर वॉशर बोटांनी हलायला नको होता.

एसी बंद ठेवायला सांगितलं. खालच्या पार्किंगमधली ती जागा वॉचमनकडून दोरी लावून अडवून घेतली. अडतीस किलोचं यंत्र चार मजल्यांवर सैल बोल्टांना लटकलेलं असताना त्याखाली कुणी उभं राहता कामा नये.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी स्टँडच्या शेजारी सहा मिलिमीटरच्या बिटाने भिंतीत एक चाचणीचं भोक पाडलं. खाली कागद धरून निघेल ते त्यावर झेललं. भिंत कशाची आहे हे सांगणारी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. आधी प्लास्टरची करडी, वाळूची भुकटी आली, साधारण पंचवीस मिलिमीटरपर्यंत. त्यानंतर बिट एकदम मऊ शिरला आणि पांढरीशुभ्र, मैद्यासारखी बारीक भुकटी पडू लागली. हॅमर बंद करून नुसतं फिरवलं तरी बिट आत जात होता. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे आमच्या धंद्यात सगळे जिला सिपोरेक्सची भिंत म्हणतात ती. लाल भुकटी निघाली तर वीट. राखाडी भुकटी निघाली, बिट कण्हला आणि हाताला दणके बसले तर काँक्रीट.

जुना बोल्ट काढला तेव्हा बाकीचं कळलं. दहा मिलिमीटरचा साधा अँकर फास्टनर होता, पंच्याहत्तर लांबीचा. हा बोल्ट कसा धरतो ते हेल्परला दाखवलं. नट आवळला की बोल्टचा शंकू मागे ओढला जातो, बाहेरची नळी फाकते आणि भोकाच्या भिंतींना दाबून बसते. काँक्रीटमध्ये त्या दाबाला उलटा दाब मिळतो आणि तोच बोल्टला धरून ठेवतो. एएसी ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो हलका आणि उष्णता अडवणारा. पण नळी फाकली की तिथला ब्लॉक चिरडतो. पहिल्या दिवशी नट घट्ट लागतो, मिस्त्री समाधानाने निघून जातो. मग यंत्राची थरथर रोज त्या चिरडलेल्या कडेला थोडं थोडं दळत राहते. कालचं पांढरं कडं म्हणजे तेच दळण.

दुपारी हिशेब मांडला, कारण काकूंच्या मुलाने विचारलं, "काका, अडतीस किलोला दहा मिलिमीटरचा बोल्ट पुरत नाही का?" बोल्ट पुरतो. यंत्राचं वजन भिंतीपासून साधारण २८ सेंटिमीटरवर आहे आणि स्टँडच्या वरच्या-खालच्या बोल्टांत ३० सेंटिमीटरचं अंतर. ३८ गुणिले २८, भागिले ३०, म्हणजे वरच्या दोन बोल्टांना मिळून सुमारे ३५ किलोची ओढ. कॉम्प्रेसर एका बाजूला असतो. दोन तृतीयांश भार त्या बाजूला धरला तर तिथल्या वरच्या एका बोल्टला भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ २४ किलोच्या आसपास. चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेला असा बोल्ट शेकडो किलो पेलतो. खालचे बोल्ट तर जवळपास खेचलेच जात नाहीत, कारण स्टँडचं खालचं टोक भिंतीत दाबलं जातं.

मात्र गॅस भरायला आलेल्या माणसाने स्टँडच्या टोकावर पाय दिला तर हिशेब पार बदलतो. पंच्याहत्तर किलो गुणिले ४५ सेंटिमीटर, भागिले ३०, म्हणजे त्या एका वरच्या बोल्टवर ११२ किलोची जादा ओढ. स्टँड यंत्रासाठी असतो, माणसासाठी नसतो. हेल्परला हे आज वहीत लिहून घ्यायला लावलं.

गुरुवार, १० एप्रिल

नवीन जागा ठरवण्यात दिवस गेला. मार्ग दोन होते. एक, याच एएसी भिंतीत आरपार बोल्ट घालायचे आणि खोलीच्या आतल्या बाजूने रुंद लोखंडी पट्टीवर नट आवळायचे. मग ब्लॉक फाकत नाही, दोन्हीकडून नुसता दाबला जातो. पण पट्टी बेडरूममध्ये, पलंगाच्या उशाशी आली असती आणि थरथर थेट आत पोचवणारं लोखंड आम्हीच घातलं असतं. दुसरा मार्ग आरसीसी बीमचा. मी बीम निवडली.

बीम म्हटलं की लोक छताकडे बघतात. मी त्यांच्याच जमिनीखालची बीम बघितली. खिडकीच्या कट्ट्यापासून जमीन ९० सेंटिमीटर खाली. टाइल आणि तिच्याखालचा भराव सोडला की स्लॅब लागतो आणि त्याच्या खाली बाहेरच्या अंगाला सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची बीम. तिरक्या टेकूचा त्रिकोणी स्टँड तिच्यावर लावला तर त्याचे आडवे हात जमिनीच्या पातळीला येतात. साठ सेंटिमीटरच्या आतलं यंत्र त्यावर बसलं की खिडकीच्या कट्ट्याखाली राहतं, उजेड अडत नाही. टेप टाकून मोजलं, हातोडीने ठोकून पाहिलं. वर भिंतीचा आवाज बोदा, खाली बीमवर टणक. तिथेही चाचणीचं भोक पाडलं. करडी भुकटी आली आणि हाताला दणके बसले.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोललो, कारण बाहेरून ती बीम त्यांच्या खिडकीच्या वर दिसते. त्यांनी पाणी टपकणार नाही ना एवढंच विचारलं. ड्रेन पाइप वेगळा उतरवून देऊ म्हटलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी परवानगी दिली.

बोल्टची लांबी अशी ठरवली. प्लास्टर २५ मिलिमीटर, स्टँडची पट्टी ४, वॉशर आणि नट मिळून १२. प्लास्टरच्या पलीकडे, खऱ्या काँक्रीटमध्ये ५५ ते ६० मिलिमीटर तरी हवं. बेरीज शंभराच्या घरात जाते, म्हणून शंभर लांबीचे घेतले. पंच्याहत्तरचा बोल्ट इथेही लावता आला असता आणि बाहेरून अगदी तसाच दिसला असता. पण काँक्रीटमध्ये पस्तीसएक मिलिमीटरच गेला असता. प्लास्टर बोल्ट धरत नाही. लांबी मोजताना ते नाहीच असं धरायचं.

शुक्रवार, ११ एप्रिल

मुख्य काम आज झालं. बाहेरून झुला लावला. जीवनदोरी वर गच्चीवरच्या काँक्रीटच्या कॉलमला वेगळी बांधली आणि हार्नेस तिला अडकवला. खिडकीच्या ग्रिलला किंवा स्टँडला हार्नेस कधीच अडकवू नये. ते निसटलं तर माणूसही त्याच्याबरोबर जातो.

आधी गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून पाइप सोडवले आणि यंत्र दोरीने बांधून खिडकीतून आत घेतलं. मग बीमवर आडवी रेघ मारली. स्पिरिट लेव्हल धरून दोन्ही स्टँडची वरची भोकं एका पातळीत आणली. यंत्राच्या पायांतलं अंतर यंत्रावरच मोजून घेतलं. वेगवेगळ्या मॉडेलचं वेगळं असतं, अंदाजाने भोक पाडलं की पाय ओढूनताणून बसवावे लागतात आणि तो ताण कायमचा राहतो.

पहिली तीन भोकं सरळ झाली. चौथ्याला बिट साठ मिलिमीटरवर अडला. आवाज बदलला, भुकटी थांबली, टोक तापलं. सळई लागली होती. सळई कापून पुढे जायचं नाही, ती इमारतीची आहे. अर्धवट भोक न आकसणाऱ्या ग्राउटने भरून टाकलं आणि तो स्टँड बाजूला सरकवला. नवीन भोक जुन्याच्या अगदी शेजारी घेतलं तर मधला काँक्रीटचा पातळ पडदा फुटतो. यंत्राच्या पायांच्या पट्टीत भोकं लांबट असतात, थोडं सरकायला वाव मिळतो. तेवढ्याने भागेना, म्हणून दुसराही स्टँड त्याच्याबरोबर हलवला. बीमच्या कडेपासून मात्र दहा सेंटिमीटर आत राहिलो. कडेजवळ फाकणारा बोल्ट काँक्रीटचा टवका काढतो.

भोक पाडल्यावर ते साफ करणं हे ज्या कामाचे पैसे कुणी देत नाही त्यातलं काम. ब्रश फिरवायचा, पंपाने फुंकायचं, परत ब्रश, परत फुंकर. आत भुकटी राहिली तर बोल्टची नळी काँक्रीटला न दाबता भुकटीला दाबते. पाना फिरवताना घट्ट लागतं आणि महिनाभराने ढिलं होतं. हेल्पर कंटाळला तेव्हा एका भोकातून निघालेली भुकटी त्याच्या तळहातावर ठेवली. चांगली चिमूटभर होती.

बोल्ट ठोकले, स्टँड चढवले आणि बोल्टच्या डब्यावर छापलेल्या टॉर्कपर्यंत टॉर्क रेंचने आवळले. नट फिरतच राहिला आणि पाना जड होईना, तर बोल्ट धरत नाहीये असं समजावं. इथे चारही दोन-तीन फेऱ्यांत जड झाले. मग नटापासून वॉशरवरून स्टँडपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढली. नट थोडा जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते.

यंत्र चढवायच्या आधी दोन्ही स्टँडवर वाळूच्या पिशव्या टांगल्या, मिळून यंत्राच्या दुप्पट वजनाच्या. चहा होईपर्यंत तशाच ठेवल्या. लेव्हल हलली नाही, रेघा तुटल्या नाहीत, बोल्टभोवती भेग आली नाही. त्यानंतरच यंत्र बाहेर काढलं.

शनिवार, १२ एप्रिल

आज रबराचे पॅड. बाजारात लोक मोठा, जाड, कडक पॅड मागतात, भक्कम वाटतो म्हणून. पण पॅडचं काम आधार देणं नाही, ते स्टँडचं आहे. पॅडने दबायचं असतं आणि दबता दबता थरथर गिळायची असते. म्हणून मी पॅड दाबून, मोजून बघतो. पंधरा मिलिमीटरचे चार पॅड यंत्राखाली ठेवले, वजन टेकवलं आणि व्हर्नियरने मोजलं. चौदा भरले. म्हणजे एक मिलिमीटर दबले.

या एका मिलिमीटरवर बरंच काही अवलंबून आहे. स्प्रिंगसारखी प्रत्येक पॅडवर ठेवलेल्या वजनाची स्वतःची एक थरथर असते. वजनाने पॅड एक मिलिमीटर दबला तर ती सेकंदाला सुमारे १६, पाव मिलिमीटरच दबला तर सुमारे ३२. साध्या, एकाच वेगाच्या एसीचा कॉम्प्रेसर आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला जवळपास ४८ फेरे घेतो. एक मिलिमीटर दबणाऱ्या पॅडमधून त्याच्या थरथरीचा हिशेबाने फक्त आठवा भाग खाली उतरतो. पाव मिलिमीटर दबणाऱ्या कडक पॅडमधून चार पंचमांश उतरतो. म्हणजे तो पॅड नसल्यातच जमा.

इन्व्हर्टरची अडचण वेगळी आहे. तो हळू होत होत सेकंदाला वीस फेऱ्यांवर आला की पॅडच्या स्वतःच्या १६ च्या जवळ जातो आणि तिथे थरथर कमी होण्याऐवजी वाढते. काकूंना खोली गार झाल्यावरच घरघर ऐकू येत होती, त्यात सैल बोल्टांबरोबर पॅडचाही वाटा होता. आधीचे पॅड उन्हाने कडक होऊन चिरले होते. नखाने दाबले तर ठसा उमटत नव्हता.

मग पॅड अजून मऊ केला. मोठा चौकोन कापून लहान केला, म्हणजे तेवढ्याच वजनाखाली तो जास्त दबतो. कॉम्प्रेसरच्या बाजूला वजन जास्त, तिथले तुकडे थोडे मोठे ठेवले, नाहीतर यंत्र एका अंगाला कलतं. दोन मिलिमीटरच्या आसपास दाब आला आणि पॅडची स्वतःची थरथर ११ वर उतरली. याहून मऊ करू नये. यंत्र चालू-बंद होताना डोलतं आणि तांब्याचे पाइप सांध्याजवळ थकतात.

पायाचा बोल्ट लावताना बहुतेक ठिकाणी सगळं वाया जातं. बोल्ट पॅडमधून जातो, वरून नट करकचून आवळला की पॅड चपटा होतो आणि थरथर रबराला वळसा घालून बोल्टातून थेट स्टँडमध्ये उतरते. म्हणून यंत्राच्या पायावर वरूनही एक रबरी वॉशर, त्यावर लोखंडी वॉशर, मग नट. पॅडची कड किंचित फुगलेली दिसेपर्यंतच आवळायचं आणि दुसरा नट त्यावर कुलपासारखा बसवायचा. यंत्र निसटणार नाही आणि रबराला हलायलाही जागा राहील.

हे सगळं खालचा स्टँड न हलणारा असेल तरच. वरचे आकडे पॅडखाली भक्कम पाया आहे असं धरून आहेत. सैल बोल्टावर कितीही चांगला पॅड घातला तरी स्टँडच नाचतो. माझ्याकडे "पॅड बदलून द्या" म्हणून येणाऱ्या तक्रारींत मी आधी बोल्टला हात लावतो, तो यामुळे.

पाइपची लांबी वाढवून जोडणी केली, व्हॅक्यूम घेतला. पाइप यंत्राजवळ एक सैल वळसा देऊन नेला आणि भिंतीला क्लॅम्प लावला तिथे खाली रबर घातलं. रात्री नऊला परत गेलो. खोली गार झाली होती, कॉम्प्रेसर हळू फिरत होता. भिंतीला तळहात टेकवला, थरथर लागली नाही. काकूंनी उशीला कान लावून बघितला.

बुधवार, १६ एप्रिल

नारायण पेठेत एका जुन्या घरी बोलावणं होतं. बाहेरच्या भिंतीला टेस्टचं भोक पाडलं, आधी लाल भुकटी आली आणि नंतर पिवळट माती. विटांचं बांधकाम, पण सांधे मातीचे. इथे फाकणारा बोल्ट वीट तरी फोडतो किंवा सांधा तरी उकलतो. चांगल्या सिमेंटातली नऊ इंची भिंत असती तर हॅमर बंद ठेवून, विटेच्या मधोमध, सांध्यापासून दूर भोक घेतलं असतं. ही भिंत तशी नव्हती. आरपार बोल्ट आणि आतून रुंद पट्टी, एवढाच मार्ग सांगितला. मालकांना भिंतीच्या आतल्या बाजूला पट्टी नको होती. मग आउटडोअर मागच्या अंगणात फरशीवर, सिमेंटच्या दोन ओट्यांवर ठेवू म्हटलं. त्यांना ते पटलं. भिंत भार घेत नसेल तर भिंतीवर लावायचंच नाही, हाही एक निर्णयच आहे.

बुधवार, २८ मे

यंदा पाऊस सोमवारीच पुण्यात पोचला. वाकडला चक्कर टाकली. चारही रेघा अखंड आहेत, वॉशरभोवती भुकटीचं कडं नाही. बोल्टांच्या तोंडाशी आणि जुन्या भिंतीतल्या बुजवलेल्या भोकांवर सीलंट भरलं होतं, आत ओल नाही. पॅड परत मोजले, तेवढेच दबलेले आहेत. कट्ट्यावर उभं राहून कुणी स्टँडवर पाय देऊ नये म्हणून यंत्रावर मराठीत एक चिठ्ठी चिकटवून आलो.

ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात एसी बसला आहे किंवा बसणार आहे त्यांना एवढंच सांगणं: फिटर भोक पाडत असताना खाली कागद धरा आणि भुकटी बघा. पांढरी निघाली तर साधा अँकर बोल्ट लावू देऊ नका, बीम शोधायला सांगा किंवा आरपार बोल्ट मागा. दरवर्षी पावसाळ्याआधी खिडकीतून वॉशरकडे एकदा नजर टाका. भुकटीचं कडं दिसलं तर एसी बंद करा, खालची जागा रिकामी करा आणि मगच फोन लावा.